खळमास्तर आणि गंजका पाइप

खळमास्तरांना विम्याचा सर्व्हेअर बावीस वर्षं ओळखत होता, असं म्हणायला हरकत नाही. पण त्यांचं खरं नाव त्याला पहिल्यांदा कळलं ते दाव्याच्या फॉर्मवरून. त्यांना मूलबाळ होतं का, त्यांचं शिक्षण किती झालं होतं, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. तो वर्षातून दोनदा त्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात आपल्या अहवालांचे गठ्ठे बांधून घ्यायला जायचा, एवढाच संबंध. बोटांवर कायम वाळलेली खळ, म्हणून गल्लीनं मास्तरांना ते नाव दिलेलं.

नुकसानीची पाहणी करणं हा सर्व्हेअरचा धंदा. म्हणून एकदा मास्तरांनी विम्याची पॉलिसी त्याच्यापुढे सरकवली.

"साहेब, एवढं बारीक मुंगीच्या पायांसारखं काय छापलंय? काय मिळत नाही तेवढं सांगा. मिळतं ते एजंटनं सांगितलंय."

सर्व्हेअरला पुढे जायची घाई होती. त्यानं उभ्याउभ्याच वाचलं. "युद्धानं झालेलं नुकसान मिळत नाही."

"या गल्लीत रिक्षा वळत नाही, रणगाडा कुठून येणार!" मास्तर म्हणाले. "आणि आमच्या घरातलं युद्ध?"

"ते तर मुळीच नाही," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "तिथे तुम्हीच हरता."

"पुढे, मुद्दाम केलेलं नुकसान नाही. आणि झीज नाही. म्हणजे गंज, कुजणं, जुनं होणं. हा तुमचा वरचा पाइप बघा, गंजलाय. त्याचे पैसे कुणी देणार नाही."

मास्तरांनी मान वर करून पाइपाकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. सर्व्हेअर निघून गेला.

पुढे पाच महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असताना, तो पाइप फुटला. पोटमाळ्यावरच्या टाकीचं सगळं पाणी कागदाच्या रिमांवर, पुठ्ठ्यांवर आणि शिवून ठेवलेल्या तीनशे वह्यांवर पडलं. कटिंग मशीनची मोटार जळाली. पाहणीचं काम नेमकं सर्व्हेअरकडेच आलं. आपण तिथले गिऱ्हाईक आहोत, हे त्यानं कंपनीला कळवलं. कंपनी म्हणाली, जा.

फॉर्मवर मास्तरांनी लिहिलं होतं : लोखंडी शिडी आदळून पाइप तुटला.

दुकानात ओल्या लगद्याचा आंबूस वास भरला होता. सर्व्हेअर स्टुलावर चढला. पाइपाचं तुटलेलं तोंड सरळ, चकचकीत होतं. त्यावर करवतीच्या पात्याचे ओरखडे होते आणि शेजारी हातोड्याचा ताजा पोचा. त्यानं खाली बघितलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"मास्तर, हे कापलंय."

मास्तरांनी खळीच्या डब्यामागून वीतभर तुकडा काढला. गंजानं चाळण झालेला, मधोमध फाटलेला.

"हा दिसला असता तर तुम्ही झीज म्हणाला असतात. तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

सर्व्हेअर स्टुलावरून उतरला. "पाइपाचे पैसे नसते मिळाले," तो म्हणाला. "पण पाइप अचानक फुटून पाण्यानं जे भिजलं, त्याचे मिळतात. तुमच्या पॉलिसीत आहे ते. कागद, वह्या, मोटार. सगळं."

"गंजका असला तरी?"

"गंजका असला तरी."

मास्तरांनी तुकडा खाली ठेवला. "मग तेव्हा का नाही बोललात?"

सर्व्हेअरकडे उत्तर होतं, पण ‘घाई होती’ हे उत्तर त्याला त्या ओल्या ढिगाऱ्यासमोर उच्चारवेना.

"साहेब," मास्तरांची बायको पुढे आली, "कापल्याचं तेवढं नका लिहू. पाणी तर आधीच आलं होतं हो. मी स्वतः उपसलंय."

"आधी आलं की कापल्यावर आलं, हे आता दाखवणार कशावरून, वहिनी? आणि फॉर्मवर शिडी लिहिलीय."

त्यानं खरं ते सगळं लिहिलं. तुकडा जोडला. पाइप बहुधा गंजानं आपोआप फुटला असावा आणि नंतर कापला असावा, हेही मत दिलं. नियम अर्धाच सांगितला कुणी, याला अहवालात रकाना नव्हता. कंपनीचं पत्र चार ओळींचं आलं : मुद्दाम केलेली तोडफोड, खोटं निवेदन, सबब पॉलिसीचे सर्व लाभ रद्द. शिडी लिहिली नसती, करवत उचलली नसती, तर दावा मंजूर झाला असता. त्यानं स्वतःच मंजुरीची शिफारस केली असती.

महिन्याभरानं तो गेला तेव्हा मशीन भंगारवाला घेऊन गेला होता. बायको रिकामे खण पुसत होती. तिनं वर बघितलं नाही. उंच फळीवर असल्यामुळे सर्व्हेअरनं बांधायला दिलेला गठ्ठा वाचला होता. मास्तरांनी तो हातानंच शिवून, कोपऱ्यांना कापड लावून तयार ठेवला होता.

"खळ अजून ओली आहे," मास्तर म्हणाले. "दोन दिवस वजनाखाली ठेवा."

"ठेवतो," सर्व्हेअर म्हणाला.