धुळीची खोली आणि बंद दार

कारखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणत. लोखंड ओतून यंत्रांचे सुटे भाग बनवणारा तो कारखाना. त्याच्या फाटकाला लागून एक बसकी इमारत होती आणि तिच्यात दवाखान्याच्या तीन खोल्या. कंपनीची डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायची, बाकीचे दिवस दवाखाना सिस्टरच्या हाती.

नवा माणूस कामावर घ्यायचा ठरला की आधी तिच्याकडे यायचा. उंची, वजन, रक्तदाब झाले की रक्त आणि लघवी. नंतर भिंतीवरच्या तक्त्यावर डोळे. क्रेन चालवणारा असला तर रंगीत ठिपक्यांची पुस्तिकाही पुढे यायची, कारण लाल-हिरव्याची गल्लत करणाऱ्याला वर बसवून चालत नाही. कानांची तपासणी पाळी सुरू व्हायच्या आधी, आवाजाने कान बधिर व्हायच्या आत. माणसाला लहानशा बंद पेटीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा आणि बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. मग छातीचा फोटो आणि शेवटी फुंकर. नाकाला चिमटा लावून पोटापासून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात रिकामा करायचा.

"अजून, अजून, अजून," सिस्टर ओरडायची. बाहेर बाकावर बसलेले हसायचे. कुणीतरी म्हणायचं, "आत बाळंतपण चाललंय वाटतं."

आधी कुठे, कशात काम केलंत, हे ती हटकून विचारायची. लोकांना वाटायचं, चौकशा करायची खोड आहे. पण माणूस येताना कसा होता हे ठाऊक नसेल, तर इथल्या कामाने त्याचं काय झालं हे पुढे कळणार कसं? म्हणून तीच मापं दरवर्षी पुन्हा घ्यायची आणि जुन्याशी ताडून बघायची.

दवाखान्याचा एक नियम होता आणि डॉक्टर तो फार कडक पाळायची. तपासणीत काय निघालं ते त्या माणसाला समोर बसवून सांगायचं. ऑफिसला मात्र एवढंच कळवायचं, की हा या कामाला योग्य आहे, किंवा अमुक काम सोडून योग्य आहे, किंवा सध्या योग्य नाही. का, ते नाही. एकाची रात्रपाळी बंद केली तेव्हा कामगार विभागाच्या साहेबांनी सहज विचारलं होतं, "काय झालंय त्याला? साखर वगैरे?" सिस्टर म्हणाली होती, "रात्रपाळी नको, साहेब. तेवढंच झालंय."

कारखान्याच्या मागच्या टोकाला एक खोली होती. साच्यातून निघालेल्या ओतीव मालावर तिथे वाळूचा जोरदार मारा करून तो साफ करत. त्या खोलीत सिस्टरचा धाकटा दीर कामाला होता. अंगाने दणकट, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. घरही एकच. खाली तो आणि त्याची बायको, वर सिस्टर. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरातलं जडशीळ काही उचलायचं असलं की पैलवानच वर यायचा.

त्या वर्षीच्या तपासणीला तो हसतच आत आला. "वहिनी, यंत्र सांभाळा. फुटेल."

त्याने फुंकर मारली. सिस्टरने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "चिमटा नीट बसला नव्हता, भाऊजी. परत मारा." चिमटा नीट बसलेला होता. त्याने पुन्हा फुंकर मारली, मग तिसऱ्यांदा. तिन्ही आकडे एकमेकांना चिकटून आले आणि तिन्ही मागच्या वर्षीपेक्षा बरेच खाली. शेवटच्या खेपेला त्याला ठसका लागला तो थांबेना. तोंड पुसून, ओढूनताणून हसत तो म्हणाला, "सर्दी आहे जरा."

छातीचा फोटो आला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात मोहरी सांडावी तसे बारीक गोल ठिपके. सिस्टरने तो पाकिटात घातला आणि पुढचं पाकीट उघडलं. त्याच खोलीतला दुसरा माणूस. पुन्हा तेच ठिपके, थोडे कमी. मग तिसरा. त्या दिवशी तिने दुपारचा डबा उघडला नाही.

डॉक्टरने पैलवानला बोलावलं आणि आधी सिस्टरकडे पाहिलं. "तुमचे दीर आहेत ना? मग तुम्ही बाहेर थांबा. त्यांना तुम्ही आत हव्या असाल तर तेच सांगतील."

पैलवान म्हणाला, "थांबू दे वहिनींना. त्यांनी फोटो पाहिलाच असेल."

डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं. वाळूची बारीक धूळ आत जाऊन बसली आहे. बसली ती निघत नाही, त्याला औषध नाही. धूळ थांबवली तर पुढची खराबी कमी होईल, पण आजार थांबेलच अशी खात्री नाही. अशा छातीला क्षय लवकर धरतो, म्हणून थुंकी तपासायची आणि पुढेही तपासत राहायची. धुळीचं काम सोडावं लागेल.

"क्षय असला तर घरच्यांनाही तपासावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "आणि या धुळीच्या आजाराची खबर सरकारी कारखाना निरीक्षकाला द्यावी लागते, तो कायदा आहे. तुमच्यापासून लपवून देणार नाही. पण तुमच्या साहेबांना फक्त 'धुळीत काम नको' एवढंच जाईल, तेही सगळ्या खोलीची तपासणी संपली की."

पैलवान उठून दारापर्यंत गेला. मग सिस्टरकडे न पाहता म्हणाला, "घरी बोलायचं नाही, वहिनी."

"तुम्ही सांगेपर्यंत नाही," ती म्हणाली.

थुंकीत क्षय निघाला नाही, तेवढं बरं झालं. पण घराला काहीतरी लागलं होतं. पैलवान जिना चढताना मधल्या पायरीवर थांबू लागला, उगाच कठडा हलवून बघितल्यासारखं करत. धाकटी जाऊ हे बघत होती. एका दुपारी ती वर आली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली, न सांगता.

"ताई, यांचं काय निघालं तपासणीत?"

"त्यांनाच विचार ना."

"ते म्हणतात ठणठणीत. तुम्ही म्हणा ठणठणीत."

सिस्टर उशीचा अभ्रा सरळ करत राहिली. खोटं बोलायचं नव्हतं, खरं बोलता येत नव्हतं. जाऊ तिच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे आहे काहीतरी."

"मी कुणाबद्दलच सांगत नाही. चांगलं असलं तरी सांगत नाही. शेजारच्या बाईंनाही नाही सांगत, तुलाही नाही."

"मी शेजारची बाई आहे का?" जाऊने हातातली घडी तशीच टाकली. खालचं दार तिने हळू लावलं. आपटलं असतं तर सिस्टरला बरं वाटलं असतं.

त्या रात्रीपासून पैलवानचा खोकला दोघी ऐकत, एक खाली त्याच्या शेजारी, एक वर.

मग एक दिवस डॉक्टर नसताना कामगार विभागाचे साहेब दवाखान्यात आले. स्वतः खुर्ची ओढून बसले, चहा मागवला.

"वाळूच्या खोलीतल्या कुणाकुणाच्या छात्या खराब निघाल्यात म्हणे. नावं द्या. माणसांची काळजी घ्यायला नको का आपण?"

"ती डॉक्टरबाईंना विचारा."

"त्या कशाला? कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते." ते हसले. "कंत्राटावरची माणसं आहेत, सिस्टर. मुदत संपत आलीय. ज्याला झेपत नाही त्याने दुसरीकडे बघावं, त्याच्याच भल्याचं. तुमचा माणूसही आहे ना तिथे? त्याला आपण सांभाळून घेऊ."

 एका नावाच्या बदल्यात बाकीची नावं. साहेबांनी आवाज चढवला नव्हता, धमकीचा शब्दही काढला नव्हता.

"किल्ली देता येणार नाही," ती म्हणाली. टेबलावरची किल्ली उचलून तिने खिशात टाकली. साहेब चहा संपवून उठले. दारात म्हणाले, "तुमचं कंत्राटही याच महिन्यात आहे, नाही का?"

तिने डॉक्टरला फोन केला. पण नुसतं कपाट बंद ठेवून भागणार नव्हतं, हे दोघींना लगेच कळलं. ऑफिसला चिठ्ठ्या गेल्या, की धुळीतून हलवलेल्या माणसांकडे नुसतं बोट दाखवायचं, नावं आपोआप उघडी पडतात.

डॉक्टरने दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाला लिहून दिलं. त्यात एकही नाव नव्हतं. वाळूच्या खोलीतल्या माणसांचा श्वास इतर विभागांपेक्षा झपाट्याने उतरतोय. दोष माणसांत नसून हवेत आहे. धूळ मोजून आटोक्यात येईपर्यंत त्या खोलीत कुणालाच पाठवू नये. कुणालाच नाही, म्हणजे कोण आजारी हे बाहेरून कळायची सोय उरली नाही.

तरी साहेबांनी त्या खोलीतल्यांना एकेकाला बोलावून विचारलंच. "डॉक्टरने काय सांगितलं तुला?" पैलवानसकट सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, धुळीत जाऊ नको म्हणाल्या. ज्यांच्या छात्या स्वच्छ होत्या त्यांनीही तेच सांगितलं. ते त्यांनी आपसात ठरवलं होतं की नाही, सिस्टरने कधी विचारलं नाही.

निरीक्षक आला, धूळ मोजली. धूळ ओढून नेणारा पाइप आतून बुजून गेला होता आणि पंखा नुसता गरगरत होता. खोलीला कुलूप लागलं. पुढे वाळूऐवजी पोलादी दाणे आले, नवा पंखा आला. पैलवानला मालाच्या पाठवणीत बसवलं. सिस्टरचं कंत्राट महिनाभर लोंबकळत ठेवून मग एकदाचं वाढवलं.

पैलवानने बायकोला सांगितलं ते एका सुट्टीच्या सकाळी.  संध्याकाळी जाऊ वर आली, दारातच उभी राहिली.

"तुम्हाला सगळं माहीत होतं."

"हो."

"माझ्याबरोबर भाजी निवडत बसायचात, आणि माहीत होतं."

"हो."

जाऊने विचारलं, "माझं काही निघालं असतं, तर यांनाही सांगितलं नसतंत?"

"नसतं सांगितलं."

जाऊने मान हलवली आणि खाली गेली. बोलणं पुन्हा सुरू झालं, पण कपड्यांच्या घड्या घालायला ती नंतर वर आली नाही. आता जड पिंप सिस्टर आणि जाऊ दोघी मिळून उचलतात. पैलवान बाजूला उभा राहून कसं उचलायचं ते सांगतो आणि वाक्याच्या मध्ये थांबतो.

पुढच्या वर्षी तपासणीला त्या खोलीतले सगळे जुने लोक पुन्हा आले. धूळ सुटली तरी तिचा माग काढत राहावं लागतं. त्यातला एकजण, ज्याचा फोटो मागच्या वर्षी अगदी स्वच्छ होता, फुंकर मारून घाम पुसत बसला. सिस्टरने नवा फोटो उजेडावर धरला. वरच्या कोपऱ्यात बारीक काहीतरी होतं.

"काही आहे का, सिस्टर?" त्याने विचारलं.

"डॉक्टरबाई सांगतील," ती म्हणाली. बाहेरच्या बाकावर अजून चारपाच माणसं बसली होती, आत बघत. तिने उठून दार लावून घेतलं.