देवीचे डोळे आणि मंजुषाचा मेसेज

फाट्यावर ऑटोवाल्याने उतरवलं, त्याला बराच वेळ झाला होता. पुढे रस्ता कच्चा, दोन्ही बाजूला कापूस, आणि वालूरच्या अलीकडची आबासाहेबांची वस्ती अजून दिसत नव्हती. मंजुषा माझ्या पुढे चालत होती. ती रागात असली की पुढे चालते. मी हाक मारली तर थांबायची, मी जवळ गेले की परत निघायची.

"मंजे, जरा हळू. देवी काही पळून जात नाही."

"पळूनच गेली ना काकू. तेच तर निस्तरायलेय."

मंजुषा आमच्या गल्लीतली. सेलूत तिचे वडील जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचे, आई अजून घरीच शिवणकाम करते. बारावीनंतर पोरीने टायपिंग केलं, मग कॉम्प्युटरवर पत्रिका आणि बॅनर बनवायला शिकली, आणि हरिओमच्या फ्लेक्सच्या दुकानात लागली ती लागलीच. लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचं बॅनर, श्रद्धांजलीचा फोटो, सगळं तिच्या हातून जातं. मेलेल्या माणसाच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं ती न सांगता पुसून देते. घरच्यांना फोटो बघून बरं वाटतं, पण कोणी केलं ते कळत नाही.

आबासाहेबांच्या वस्तीवर यमाईचं देऊळ नवं बांधलं आणि कलशारोहणाची पत्रिका तिच्याकडे आली. गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही, असा तिथला नेम. म्हणून आबासाहेबांनी तिलाच बोलावलं. ती देवीसमोर बसली, पेन्सिलीने मुखवटा कागदावर उतरवला, आणि दुकानात येऊन तो कॉम्प्युटरवर रेघ न् रेघ ओढून काढला. आबासाहेबांची आई पार्वतीबाई प्रत्येक खेपेला पोराच्या मोबाईलवर बघायची आणि सांगायची, नथ अजून खाली, गाल जरा भर. डोळे सगळ्यात शेवटी. मूर्तीचेही डोळे शेवटीच उघडतात ना, तसं. डोळे काढलेली पत्रिका गेली, तिकडून "चालतंय, छापा" आलं, आणि मंजुषा त्या दिवशी आमच्या घरी पेढे घेऊन आली होती.

दुसऱ्या आठवड्यात ती मामाच्या घरी लग्नाला गेली. इकडे मशीन हळू चालतंय म्हणून हरिओमने माणूस बोलावून कॉम्प्युटर पूर्ण पुसून नवा करून घेतला. तिला फोन नाही, विचारणं नाही. पत्रिका छापायला अजून गेलीच नव्हती, कागद यायचा होता. दुकानाच्या मोबाईलवरून पाठवलेलंही काही उरलं नाही, कारण जागा भरते म्हणून त्यातले चॅट तो सारखे साफ करतो. पेन्सिलीचा मूळ कागद तर पार्वतीबाईंनी कधीच तिच्याकडून मागून घेऊन दुधना नदीत सोडला होता.

"पेनड्राइव्हवर ठेवा म्हणून मी किती डाव म्हणलं त्याला," मंजुषा चालता चालता म्हणाली. "तर म्हणतो, मशीन कुणाची? मी म्हणलं मशीन तुमची, मेहनत कुणाची?"

"मग?"

"मग काय. हसला. आन् म्हणतो, आबासाहेबाला लिही की मंजुरीचा पुरावा म्हणून शेवटची फाइल तुमी परत पाठवा, आमच्या नियमात हाय. फाइल गेली म्हणून कळू द्यायचं न्हाई. दुकानाची इज्जत जाती."

ऐकूनच माझं डोकं फिरलं. यमाईच्या कामात खोटं, आणि तेही या पोरीच्या हातून लिहून घ्यायचं.

तिने ते लिहिलं नाही. काय लिहिलं ते तिने मला मोबाईलवर दाखवलं होतं, तसंच देते:

"आबासाहेब नमस्कार. तुमच्या पत्रिकेची फाइल आमच्या दुकानातून पुसली गेली आहे. आमच्याकडे तिची दुसरी प्रत ठेवलेली नव्हती, ही आमची चूक. मी शेवटची पाठवलेली, डोळे काढलेली पीडीएफ तुमच्या मोबाईलमध्ये असेल तर कृपा करून तीच मला पाठवा. स्क्रीनचा फोटो काढून पाठवू नका, त्यात रेषा फुटतात. फाइल आहे तशी फॉरवर्ड करा. मंजुषा."

हरिओमने ते वाचलं आणि भर गिऱ्हाइकात तिला म्हणाला, "लय सत्यवादी झालीस. आता हे काम तूच निस्तर. न्हाई निस्तरलं तर उद्यापासून येऊ नको."

आबासाहेबांचा जो व्हॉइस मेसेज आला तोही ती मला ऐकवून गेली. "देवी हरवली म्हणतीस होय पोरी? तुमच्या दुकानात देवाधर्माची काही चाड हाय का न्हाई? मी कुठून देऊ? आईनं सांगितलं, छापून येईपर्यंत देवी अर्धवटच असती, अर्धवट देवी घरात ठेवत नसतेत. मोबाईल पाण्यात सोडता येत न्हाई, म्हणून मी आलेलं सगळं डिलीट केलं."

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. मंजुषा हसली नाही. पण पार्वतीबाईंचं मला पटतं. भंगलेली मूर्ती आम्हीही देव्हाऱ्यात ठेवत नाही.

संध्याकाळी आबासाहेबांची मुलगी प्रियांका, परभणीला असते, तिचा मेसेज आला. वडिलांनी मधली एक पीडीएफ तिला पुढे पाठवली होती, ती तिच्याकडे राहून गेली होती. मंजुषाने उघडली. रेषा शाबूत, नथ बरोबर, गाल भरलेले. फक्त डोळ्यांच्या जागी कोरं. डोळे काढायच्या आधीची ती पत्रिका होती. शेवटची कुणाकडेच नव्हती.

"आठवून नाही का काढता येणार?" मी विचारलं.

"आठवून काढले तर माझ्या आईचे डोळे येतेत, काकू. करून बघितलं."

म्हणून आम्ही चाललो होतो. आबासाहेबांनी रागातच परवानगी दिली होती, देवीसमोर बसून परत काढा म्हणाले, पण एकदाच. मी सोबत यावं म्हणून तिच्या आईने सांगितलं. मीही दर्शनाच्या निमित्ताने निघाले. पिशवीत त्या आंधळ्या देवीची छापलेली प्रत होती, पेन्सिल होती, आणि मी घेतलेला नारळ.

वस्ती दिसली. देवळाच्या पायरीवर पार्वतीबाई बसलेल्या, जणू आमची वाटच बघत. मंजुषा तिथेच लिंबाखाली थांबली. चप्पल काढली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"हरिओम बोलला त्याचा राग हायच," ती म्हणाली. "पण ह्या वस्तीवाल्यांचाबी हाय. पुसायच्या आधी एक फोन केला असता. सगळ्यांनी मिळून पुसली आन् शिव्या मी खायलेय."

"देवळात जाताना असं मनात ठेवू नये, मंजे."

"देवीला माहीत हाय काकू, तिच्यापासून काय लपवायचं." मग तिने माझ्याकडे बघितलं. "एक सांगू? डोळे काढून झाले की कागद त्या लगेच मागतेल, पाण्यात सोडायला. देईन. पण त्याच्या आधी मी त्याचा फोटो काढून तुमाला पाठवणार हाय. कागदाचा फोटो, देवीचा न्हाई. छापून येईपर्यंत तो तुमच्या मोबाईलमध्ये राहू द्या. तुमाला पटत न्हाई, मला माहीत हाय. पार्वतीबाईंनी समोर बसवून सांगितलं तरी पुसू नका."