आधी देणारा शोधा

नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर एका रात्रीत राजधानी झालं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसलं, शंकर नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाल दिव्याच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. कॉलेजात मात्र सगळं पहिल्यासारखंच होतं. मी बी.एस्सी.च्या पोरांना ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवायचे, आणि पोरं ती पाठ करायची.

पाठ म्हणजे अगदी मुखोद्गत. अभिक्रियेचं नाव काढलं की डोळे मिटून पूर्ण समीकरण, तापमानासकट. पण नाव न सांगता नुसती दोन द्रव्यं फळ्यावर लिहिली की सगळ्यांच्या माना खाली. मी मुळात तापट. एकदा मी हायड्रोजन आयन आणि पाणी लिहिलं आणि म्हटलं, बाण काढा. पुरानी बस्तीतली एक मराठी मुलगी पुढे आली आणि तिने हायड्रोजनपासून ऑक्सिजनकडे बाण काढला. का? तर हायड्रोजन तिकडे जातो ना! सगळ्या वर्गाने माना डोलावल्या.

माझा पारा चढला. "अरे, हा बाण अणूच्या प्रवासाचा नाही, इलेक्ट्रॉनच्या जोडीचा आहे, आणि जोडी आहे ऑक्सिजनकडे! ज्याच्या घरी शिजलंय तिथून डबा निघतो. उपाशी माणसाच्या घरून डबा निघतो का?" वर्ग हसला. मुलगी हसली नाही, खडू ठेवून जागेवर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात तिची आई मला भेटायला आली. मूळची विदर्भातली, लग्न होऊन इकडे आलेली. स्टाफरूमच्या दारातच उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, पोट्टी रातभर पाठ करून राहिली. तिले झोप नाही, मले झोप नाही. अन् पेपरात कोरं ठेवून येते. काहून होते असं?"

मी म्हटलं, पाठ करते म्हणूनच होतं.

"तिच्या बाबांनी ठरवलं, तिले प्रायव्हेट बी.ए.ले बसवू. पोट्टीही हव म्हणते. पण मॅडम, लहानपणापासून तिले मास्तरीण होऊन शाळेत सायन्सच शिकवायचं होतं. तुम्ही सांगा, काढू काय तिले?"

असे प्रश्न मास्तरला विचारू नयेत. मी "काढा" म्हटलं असतं तर ती मुकाट्याने गेली असती. माझ्या तोंडून निघालं, "ताई, प्रॅक्टिकलची परीक्षा होऊ द्या. तोंडीला मी स्वतः बसलेली असते. तिथेही ती गप्प राहिली तर मीच सांगेन, काढा म्हणून."

शब्द देऊन बसले आणि मग घाबरले. पोरगी हुशार होती की नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं. पाठांतराच्या ढिगाऱ्याखाली माणूस दिसतच नाही.

त्या रविवारी मी वर्गासाठी एक टिपण लिहिलं, हिंदीत, एका पानात मावेल एवढं. सोमवारी ते प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवलं आणि वर्गात वाचूनही दाखवलं. त्यात होतं ते असं: अनोळखी अभिक्रिया समोर आली की नाव आठवत बसू नका. आधी विचारा, जास्तीची इलेक्ट्रॉनची जोडी कोणाकडे आहे आणि ती सहज देईल असा कोण? तो न्यूक्लिओफाइल. मग विचारा, इलेक्ट्रॉनची ओढ कोणाला आहे आणि ते घ्यायला जागा कोणाकडे आहे? तो इलेक्ट्रोफाइल. बाण पहिल्यापासून दुसऱ्याकडे. नुसत्या अधिक-उणे चिन्हांवर भुलू नका. अमोनियम आयनवर अधिक चिन्ह आहे, पण त्याच्या नायट्रोजनकडे आणखी जोडी घ्यायला जागा नाही. अमोनियावर उणे चिन्ह नाही, तरी तो देतो. आणि बाण काढल्यावर कार्बनला चाराऐवजी पाच बंध झाले असतील तर थांबा. नवा बंध आला तर एक जुना सोडावा लागेल. कोणता, ते पाहा.

पोरांनी काय करावं? हे टिपणच पाठ केलं! विचारलं की घडाघडा म्हणून दाखवायची. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. मी कपाळाला हात लावला. मग रोज तासाच्या शेवटी दोन नवी द्रव्यं फळ्यावर द्यायला लागले, पुस्तकात न सापडणारी. ती मुलगी बहुतेक वेळा चुकायची, पण आता चुकताना वर पाहायची, एवढा फरक मला दिसत होता. मला ती आवडू लागली होती, आणि त्यामुळे माझी भीती वाढली.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या शहरातून एक प्राध्यापक आले. वयस्क, कमी बोलणारे. मी त्यांच्या शेजारी बसले होते. पोरं एकेक करून आत यायची. त्यांनी अभिक्रियांची नावं विचारली, पोरांनी ती सांगितली, ठीक चाललं होतं. मुलीचा नंबर आला आणि गृहस्थांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कागद पुढे ओढला. तीन कोनांचं एक कडं काढलं, दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन, एका कार्बनला मिथाइलचं शेपूट. शेजारी लिहिलं मिथाइल अमीन, म्हणजे त्यात नायट्रोजन आला. "क्या होगा?"

हे मी वर्गात घेतलेलं नव्हतं. तिचे ओठ हलायला लागले. ती आठवत होती, आणि आठवायला काही नव्हतं. शेजारी बसलेल्याने सुचवायचं नसतं. मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले.

मग ओठ थांबले. "सर, इसका नाम मुझे नहीं आता."

"नाम मैंने पूछा ही नहीं."

तिने कागद स्वतःकडे फिरवला. आधी ऑक्सिजनवर बोट ठेवलं. जोड्या तर त्याच्याकडेही आहेत. बोट तिथेच घुटमळलं. मग ती हळूच म्हणाली, ऑक्सिजन आपल्या जोड्या धरून ठेवतो, शेजारच्या कार्बनकडूनही ओढतो. नायट्रोजन जास्त सहज देईल. म्हणजे देणारा नायट्रोजन, आणि ओढ आहे ती कार्बनला. दोघांपैकी कुठला? मिथाइल नसलेला, तिथे गर्दी कमी. तिने नायट्रोजनच्या जोडीपासून त्या कार्बनकडे बाण काढला. मग तोंडावर हात ठेवला. "पाँच हो गए." दुसरा बाण काढला, त्याच कार्बनच्या आणि ऑक्सिजनच्या बंधापासून ऑक्सिजनकडे. कडं उघडलं. ऑक्सिजनवर उणे, नायट्रोजनवर अधिक. शेवटी नायट्रोजनवरचा एक हायड्रोजन ऑक्सिजनकडे गेला, आणि एका कार्बनवर अमीन, शेजारच्यावर ओएच, असा रेणू तिने नीट काढून कागद पुढे केला.

मला इतका आनंद झाला की मी चक्क खिडकीबाहेर पाहायला लागले. तेवढ्या वेळात मला तिच्या आईला काय सांगायचं ते कळलं होतं.

गृहस्थांनी मान हलवली, गुण मांडले आणि म्हणाले, "ठीक है, जाओ."

ती उठली नाही. पेन अजून हातातच होतं. गाल लाल झाले होते. आणि ज्या पोरीला आम्ही सगळे केमिस्ट्रीतून सोडवायला निघालो होतो, ती त्या अनोळखी, वयस्क माणसाला म्हणाली, "सर, एक और दीजिए ना."