दास कोण, ते डागाखाली

आमच्या गावच्या भजनी मंडळाची जुनी वही देवळाच्या कपाटात भिजली. नवीन पुस्तक छापायचं ठरलं, पण एका भजनाच्या शेवटच्या ओळीत ‘दास’ आणि ‘म्हणे’ यांच्यामध्ये शाईचा एवढा मोठा डाग, की रचणाऱ्याचं नावच गडप. आमच्या घरी म्हणत, हे भजन माझ्या सासऱ्यांचं. शेजारचे नाना म्हणत, त्यांच्या बापाचं. शेवटी वही घेऊन आम्ही दोघं एसटीनं धुळ्याला गेलो. तिथं जुन्या पोथ्या सांभाळणारी एक बाई आहे.

बाईनं वही कोरड्या कागदावर ठेवली. नानांनी रुमालाला थुंकी लावली, तशी ती ओरडली, “पुसू नका! आहे तेही जाईल.”

मग मऊ ब्रशनं तिनं बुरशी झटकली. पानाला बाजूनं दिवा लावला, म्हणजे टाकाची रुतलेली खूण दिसते, असं म्हणाली. एका टिंबावर भिंग धरलं. “हा अनुस्वार नाही, बुरशी आहे. कडा पिंजलेल्या आहेत आणि टाक रुतलेला नाही.”

नाना तोवर डागावर वाकले होते. “बाई, हाई मन्हा बापनं नाव शे. बठ्ठा गावले माहीत शे!”

“गावाला तुमच्या बापानं उसना नेलेला नांगरही माहीत आहे,” मी म्हटलं, आणि सासऱ्यांचं नाव जोरात सांगितलं.

बाईनं भिंग खाली ठेवलं. “झालं. दोन्ही नावं तुम्ही कानात घातलीत. आता मला तीच दिसणार.”

तिनं शेजारच्या खोलीतून तिच्या वरच्या साहेबांना बोलावलं. आम्हाला म्हणाली, “तोंड उघडायचं नाही.” नानांनी तोंडावर हात ठेवला. मीही ठेवला, पण नजर त्यांच्यावरच.

साहेबांनी पान उजेडाला धरलं, उलटं करून पाहिलं. “पहिलं अक्षर च असेल, नाहीतर व. दुसऱ्याची नुसती काठी उरलीय. पुढं पाणी फिरलंय.”

“च का व, एक सांगा ना,” नाना म्हणाले.

“दोन्ही बसतात, तर एकही लिहायचं नाही.”

सासऱ्यांचं नाव च वरून नाही, व वरूनही नाही. नानांच्या बापाचंही नाही.

“अक्का,” नाना हळूच मला म्हणाले, “हे गावात सांगायचं का?”

“गरज काय? साहेबांनाच खात्री नाही.”

बाईनं ‘दास’ आणि ‘म्हणे’ स्वच्छ लिहिलं आणि मधे टिंबं दिली. पुस्तक तसंच छापलं गेलं. आता ती ओळ आली की आमच्या घरचे सासऱ्यांचं नाव ओरडतात, नानांच्या घरचे त्यांच्या बापाचं. एवढा कल्ला होतो, की देवालासुद्धा टिंबंच ऐकू येत असतील.