बाकी सगळे स्टेबल

पुरस्काराला तीन दिवस उलटले, पण सिस्टरच्या पायांची सूज काही उतरली नव्हती. एकतीस वर्षं एकाच वॉर्डात उभं राहून आलेली सूज, ती मानचिन्हाने कशी उतरणार? घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत, नवरासुद्धा. उत्कृष्ट परिचारिका म्हणून मंचावर बोलावलं, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो पायऱ्या किती आहेत याचा.

पायऱ्या जमल्या, भाषण नाही जमलं. मेट्रनबाईंनी ऐनवेळी आभाराची यादी हातात कोंबली. वर विश्वस्त, मग मोठे डॉक्टर, मग छोटे डॉक्टर, मग ऑफिस. ती एकेक नाव वाचत गेली, समोरचे जांभया देत राहिले आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. कागदाच्या मागच्या बाजूला शेवटी एक नाव होतं, ते राहिलं.

ते लांबडीचं नाव. दारातून वाकून आत येणारी, दुपारच्या ड्यूटीची सिस्टर. बावीस वर्षं रोज दोन वाजता हिने वॉर्डाचा चार्ज द्यायचा आणि तिने घ्यायचा. पुरस्काराचा बारा पानी अर्ज लांबडीनेच भरला होता, डॉक्टरांच्या मागे लागून शिफारशीही तिनेच जमवल्या होत्या. तोच अर्ज स्वतःच्या नावाने भरला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. समारंभानंतर मात्र लांबडी वही बघून चार्ज घेई आणि चकार शब्द बोलत नसे. सिस्टरला त्या गप्प बसण्याने जीव नकोसा झाला होता.

"आई, आज तरी आभाराची पोस्ट टाकू या. शिळं झाल्यावर कोण वाचतंय?" लेक फोन घेऊन बसली. तिनेही यादी केली होती. चौऱ्याहत्तर नावं! मधेच दिराचा फोन, "वहिनी, आमच्या साहेबांचं नाव जरा वर घ्या हं." साहेबांनी काय केलं होतं, तर एकदा लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं.

लेकीने यादी वाचायला घेतली. एकोणिसाव्या नावाला सिस्टरलाच डुलकी लागली.

"पूस सगळं," ती दचकून जागी होत म्हणाली.

"अगं, पण लोक रागावतील."

"त्यांना मी एकेकाला मेसेज करीन. रोज दहा. ज्याने जे केलं ते लिहून. इतक्या गर्दीत नाव सापडून कुणाला आनंद होणार आहे? मला सांग, पोस्ट पूर्ण न उघडता किती ओळी दिसतात?"

"तीन."

"मग त्या तीनच महत्त्वाच्या. लांबडी पुढचं उघडायची नाही."

चार्ज देताना चाळीस पेशंटांची नावं कुणी घोकत नाही. ज्याच्याकडे आधी बघायला हवं तो आधी सांगायचा, काय झालं ते सांगायचं, मग आणखी एकदोघे, आणि ज्यांची काळजी नाही त्यांच्यासाठी शेवटी एकच वाक्य, 'बाकी सगळे स्टेबल'. एवढं तर तिला झोपेतही येत होतं. ती सांगत गेली आणि लेक लिहीत गेली:

'या पुरस्काराचा अर्ज लांबडीने भरला. स्वतःसाठी भरू शकली असती. मंचावर मी एकवीस नावं वाचली आणि तिचं राहिलं. चूक माझी.

वॉर्डातल्या मावशींनी माझे वाईट दिवस ओळखले, पण कधी कारण विचारलं नाही, नुसता चहा आणून ठेवला. नवऱ्याने एकतीस वर्षं पहाटे माझा डबा भरला.

डॉक्टर, ऑफिस, नातेवाईक, शेजारी, बरे होऊन गेलेले पेशंट: बाकी सगळे स्टेबल, आणि म्हणून मी उभी आहे. प्रत्येकाशी वेगळं बोलतेच.'

"टॅग कुणाकुणाला करू?"

"एकटीला."

संध्याकाळपर्यंत अभिनंदनांचा पाऊस पडला. दिराने अंगठ्याचं चिन्ह टाकलं, तेही फुगूनच. लांबडीचं काहीच आलं नाही. सिस्टरने दहा मेसेज लिहिले आणि जेवण अर्धवट टाकून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता लांबडी वाकून आत आली. सिस्टर सांगू लागली. चार नंबरचा ताप, नऊ नंबरचं सलाईन, अकरा नंबरला उद्या ऑपरेशन. लांबडी मान खाली घालून लिहीत होती.

"आणि बाकी?" तिने विचारलं. चार दिवसांतला तिचा हा पहिला शब्द.

"बाकी..." सिस्टरने टेबलाचा आधार घेतला. "बाकी सगळे स्टेबल."

लांबडीने पेनाला टोपण लावलं.

"एकवीस नव्हती गं, तेवीस होती," ती म्हणाली. "मी मोजत होते."

मग तिने पायाने खुर्ची पुढे ढकलली. "बस आता. पाय बघ काय झालेत."