पिशवीचे दोन बंद

भैरू माथाडी आणि पंढरी माथाडी तुर्भ्याच्या रस्त्यावरून हातात हात घालून चालतात, याचं आजवर कुणाला काही वाटलेलं नाही. तीस वर्षं दोघांनी एकाच टोळीत पोती वाहिली, आता दोघंही रिटायर. सकाळी चहाला निघाले की करंगळीत करंगळी अडकवून शाळकरी पोरांसारखे डुलत जाणार. पण बायकोचा हात? छे! भैरूच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, आणि बाळाबाईच्या दहा पावलं पुढं चालणं काही त्यानं सोडलं नव्हतं. मागं वळून बघायचंसुद्धा नाही. बघितलं तर लोक काय म्हणतील!

ही सवय साताऱ्याकडच्या गावातली. घरात सोळा माणसं, सोप्यावर वडील बसलेले. वडिलांसमोर बायकोशी बोलायचं नाही, आणि स्वतःचं पोरही उचलायचं नाही. लेक मंजुषा रांगती असताना उंबऱ्यावरून पडली, रडून निळी झाली, आणि भैरू तिच्या शेजारून बैलं घेऊन निघून गेला. मग कडब्याच्या गंजीमागं बाळाबाई तिला घेऊन आली, तेव्हा त्यानं पोरीला छातीशी धरलं आणि स्वतःच रडला. तो निर्दय नव्हता हो! पाच जोडप्यांचं घर ते. एकानं आपल्या बायकापोरांचा लाड चारचौघांत केला की बाकीच्यांना वाटायचं, ह्याला आता वेगळी चूल मांडायचीय. माया असायची, पण ती झाकून ठेवायची रीत होती.

तो तुर्भ्याला आला, गाव सुटलं, पण रीत नाही सुटली. सुटणार कशी? निम्मी टोळी त्याच्याच गावची. मुकादम तात्या तर नात्यानं थोरले चुलतभाऊ. तात्यांची बैठक बाजाराच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर, आणि तिथं जे दिसेल ते संध्याकाळपर्यंत फोनवरून गावात पोचणार.

वाशीच्या खाडीकाठी छत्रीआड बसलेली जोडपी बघून भैरू पूर्वी थुंकायचा. एकदा पंढरीनं त्याला झापलं, "अरे, दहा बाय दहाची खोली, तिथं आईबाप, दोन भाऊ. जातील कुठं बिचारी? नीट बघ, सगळी लांबनं आलेली. आपल्या गल्लीत कोण बसतंय का?" भैरूनं नीट बघितलं. खरंच, सगळ्यांची तोंडं पाण्याकडं, पाठी रस्त्याकडं. हवालदाराची काठी वाजली की पाखरांसारखी उठायची. त्यांचीही झाकाझाकीच चाललेली, फक्त ओळखीच्या डोळ्यांऐवजी अनोळखी गर्दीत.

आणि दोन वर्षांपूर्वी लेकीकडं नेदरलँड्सला गेला, तिथं तर सगळंच उलटं. स्टेशनवर जावई रणजीतनं मंजुषाच्या गालाचा मुका घेतला, सासऱ्यासमोर! भैरूनं वेळापत्रकात डोकं खुपसलं. पण आजूबाजूला कुणी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी प्रेमानं त्यानं जावयाचा हात धरला, तर रणजीत लाजून म्हणाला, "मामा, इथं दोन पुरुष असे चालले की लोक नवराबायको समजतात. त्याचंही कुणाला काही नाही म्हणा, पण समजतात." भैरूनं चटका बसल्यासारखा हात सोडला. शेजारणीचं गुबगुबीत पोर उचलायला गेला, तर ती माऊली हसत हसत पोर घेऊन दोन पावलं मागं सरली. म्हणजे त्यांनाही लाज होतीच की! ती कुठं ठेवायची एवढाच फरक. तिथं चार जण बघतात, पण चार जणांना नाव-गाव ठाऊक नसतं.

हे सगळं ठीक. पण मग बाळाबाईची साखर वाढून डोळ्यांत उतरली.

पडद्यात रक्त साकळत होतं. डॉक्टरनं सांगितलं, महिन्याला एक अशा तीन सुया डोळ्यात लागोपाठ, चुकवली तर उरलीसुरली नजर जाईल. दोन झाल्या. दुसरीवरून परतताना भैरू नेहमीसारखा दहा पावलं पुढं, आणि मागं बाळाबाई उघड्या गटारात. त्याला पत्ताच नाही! पंढरी टपरीवरून ओरडला तेव्हा कळलं. गुडघा फुटला, वर पदर चिखलात, आणि सगळी टोळी बघतेय. तेव्हापासून तिनं घर सोडलं नाही. तिसऱ्या सुईचा दिवस उजाडला तरी म्हणाली, "मी न्हाय यायची. आंधळी व्हईन, पर रस्त्यात न्हाय पडायची."

भैरूनं हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी मंजुषाचा फोन आला. "आबा, पंढरीकाकांचा हात धरता ना? मग आईचा हात काय विंचू हाय?"

मग भैरूला युक्ती सुचली. भाजीची कापडी पिशवी काढली. एक बंद त्यानं धरला, एक तिला दिला. पिशवी तर दोघं मिळून धरतातच, त्यात कोण काय म्हणणार! मध्ये रिकामी पिशवी लोंबकळत, दोघं निघाले. बाळाबाईला हसू आलं. "आवं, भाजी कुठाय?"

"येताना घेऊ की."

गल्ली पार पडली. बाजाराचा रस्ता लागला, पलीकडं रिक्षास्टँड, त्याच्या शेजारी टपरी. टपरीवर तात्या, पंढरी, सगळी मंडळी. अर्ध्या रस्त्यात मागून ट्रकचा हॉर्न असा कानाशी वाजला की बाळाबाई दचकली आणि तिच्या हातून बंद सुटला. भैरू आपल्याच वेगात दुभाजकावर पोचला, तर पिशवीचा दुसरा बंद मोकळाच. वळून बघतो, तर ती ट्रकांच्या मधोमध, दोन्ही हात पुढं करून हवा चाचपतेय.

"बाळा!"

जन्मात तिचं नाव त्यानं चारचौघांत घेतलं नव्हतं. आता बोंबललाच. पिशवी फेकून परत धावला, ट्रकला हात आडवा केला, तिचा हात पकडला. मनगट नाही, बोटांत बोटं घालून, पंढरीचा धरतो तसा. तिचा हात गार पडला होता. आपण हा हात इतकी वर्षं वाऱ्यावर सोडला, हे त्याला तिथं, धुरात उभ्याउभ्या कळलं, आणि फार लाज वाटली.

रस्ता ओलांडला. टपरीसमोर आल्यावर बाळाबाई हात ओढायला लागली. "सोडा की! तात्या असत्याल तिथं."

"मला दिसत्यात तात्या," भैरू म्हणाला. "तुला दिसंना, म्हणून तर धरलाय."

तात्यांनी कपबशी खाली ठेवली. गावाकडं सून अंगणातून जायला लागली की थोरली माणसं जशी भिंतीकडं वळतात, तसे ते बाकड्यावर पाठ करून बसले. भैरूनं हात सोडला नाही. चार पावलं पुढं गेल्यावर मागून तात्यांचा आवाज आला, पाठ तशीच ठेवून.

"भैरू, सावकाश ने. स्टँडापाशी झाकण उघडं हाय. आमची बी तशीच मागनं यायची रं. एकदा वळून बघितलं असतं तर आज असती."



रिक्षात बसल्यावर भैरूनं सवयीनं हात सोडवला. बाळाबाईनं चाचपून तो पुन्हा धरला आणि पदराखाली घेतला. "असू द्या," ती म्हणाली, "येताना बी त्याच रस्त्यानं यायचं हाय."