कडूबाईची रेवती झाली

पालमच्या कडूबाईला लहानपणापासून रेवती व्हायचं होतं. मेंढरांमागं फिरताना ती स्वतःलाच त्या नावानं हाक मारायची आणि ओ द्यायची. चाळिशीत तिनं ते खरं केलंच. ऑनलाइन अर्ज भरला. जुनं-नवं नाव राजपत्रात छापून आलं. तो कागद दाखवून आधी आधार बदललं, मग पॅन, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड. शाळेचा दाखला तेवढा जुनाच राहिला. त्याला राजपत्राची प्रत जोडायची.

दिवेलागणीला तिनं नवं आधार आईच्या, मनकर्णाबाईच्या हातात दिलं.

"आता समद्यांला कळलं का गं?" म्हातारीनं घाबरून विचारलं.

"सरकारनंच छापलंय, माय."

"तुझ्या आधीची दोन लेकरं गेली. त्यांची नावं लय गोड होती. तू जगावी म्हणून कडू ठिवलं. आता मरणाला पत्ता लागला की!"

रेवतीला हसू आलं नाही. वाड्यात कोंडलेल्या मेंढरांची धूळ दिव्याच्या उजेडात सोन्यासारखी तरंगत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा दूर कुठं तरी वाजल्यासारख्या वाटत होत्या.

म्हातारीनं कार्ड पदराआड लपवलं. मग अंगणातल्या अंधाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "कडूऽ, जेवायला चल!"

रेवतीनं तेवढ्याच मोठ्यानं ओ दिली.